जिल्ह्यातील महामार्गांची एकूण लांबी: दोन सरकारी तक्ते जुळत नाहीत, बेरीज कशी करावी?

अनघा_द

नमस्कार. आमच्या जिल्ह्याची एक माहितीपुस्तिका तयार होत आहे आणि त्यातील वाहतुकीचे प्रकरण माझ्याकडे आले आहे. जिल्ह्यातून कोणते राष्ट्रीय महामार्ग आणि राज्य महामार्ग जातात, प्रत्येकाची जिल्ह्यातील लांबी किती आणि एकूण रस्त्यांची लांबी किती, एवढेच मला द्यायचे आहे. मी जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनातील तक्ता घेतला, सार्वजनिक बांधकाम विभागाची रस्ते यादी घेतली आणि केंद्राच्या अधिसूचनांतील महामार्गांची वर्णने वाचून नकाशावर अंतरे मोजली. तिन्ही ठिकाणी राष्ट्रीय महामार्गांची लांबी वेगळी निघाली. गंमत अशी, की बांधकाम विभागाच्या यादीतील सर्व रस्त्यांची बेरीज समालोचनातील एकूण आकड्याच्या अगदी जवळ येते, पण त्यातले राष्ट्रीय आणि राज्य हे दोन रकाने सुटे पाहिले तर फरक मोठा दिसतो. यातला कोणता आकडा छापावा?

भिडू_सांगलीकर

ताई, हा चौपदरी रस्त्यांचा घोळ आहे. दहा किलोमीटरचा रस्ता चौपदरी झाला की त्याची लांबी चाळीस किलोमीटर धरतात. दोन बाजूंचे दोन रस्ते वेगळे मोजणारेही आहेत. तुमच्या जिल्ह्यातून चौपदरी महामार्ग जात असेल तर त्यामुळेच आकडा फुगला असणार.

निवृत्त_शाखा_अभियंता

भिडू, तुमचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. दहा किलोमीटर चौपदरी रस्ता म्हणजे चाळीस मार्गिका-किलोमीटर, हे खरे आहे, आणि रुंदीकरणाचे काम किती झाले हे सांगताना ते एकक उपयोगीही पडते. परंतु जिल्ह्याच्या तक्त्यात जी लांबी असते ती रस्त्याच्या मध्यरेषेवर मोजलेली असते. तिथे तो रस्ता दोनपदरी असताना दहा किलोमीटर होता, चौपदरी झाल्यावरही दहाच राहतो आणि सहापदरी केला तरी दहाच राहील. सेवा रस्तेही त्यात वेगळे धरत नाहीत. उलट वर्तमानपत्रांत 'वर्षात इतके किलोमीटर महामार्ग बांधले' असे जे येते, त्यात जुन्या रस्त्याचे रुंदीकरणही 'बांधणी' म्हणून मोजलेले असते, त्यामुळे बांधणीचे आकडे वर्षावर्षाने जोडून एकूण लांबी काढू पाहणारा माणूस हमखास फसतो.

अनघाताई, तुमचा फरक बहुधा दुसरीकडे आहे. तुमची बेरीज जवळ येते आणि रकाने जुळत नाहीत, हेच मला संशयास्पद वाटते. दोन उलट दिशेच्या चुका एकमेकींना झाकतात तेव्हा असे घडते. रात्री सविस्तर लिहितो.

रानवारा

माझाही प्रश्न याच विषयातला आहे. आमच्या शेताच्या कडेने जाणारा राज्य महामार्ग राष्ट्रीय झाला असे गावात सगळे म्हणतात. मला शेतातून रस्त्यावर उतार काढायचा आहे. बांधकाम विभागाच्या उपविभागात गेलो तर ते म्हणाले रस्ता आता आमच्याकडे नाही, आणि महामार्गवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले अजून आमच्याकडे आलेला नाही. मग परवानगी कोण देणार? आणि आता रस्त्यापासून किती अंतर सोडायचे?

निवृत्त_शाखा_अभियंता

रानवारा, परवानगी आणि अंतर हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे आणि तिथे तुम्हाला अधिक नेमके उत्तर मिळेल. मात्र तुमची अडचण अनघाताईंच्या प्रश्नाचेच एक टोक आहे. ज्या रस्त्याला दोन्ही कार्यालये आपला म्हणत नाहीत, तो तक्त्यात कधी दोन्हींकडे दिसतो तर कधी कुठेच दिसत नाही.

रस्ता राष्ट्रीय कधी होतो, हे आधी स्पष्ट करू. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम २ खाली केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढते आणि अनुसूचीत त्या महामार्गाचे वर्णन घालते, तेव्हा तो रस्ता कायद्याने राष्ट्रीय होतो. मंत्र्यांची घोषणा, तत्त्वतः मंजुरी, रस्त्याकडेला लागलेला फलक किंवा नकाशावर दिसणारा क्रमांक यांपैकी कशानेही तो राष्ट्रीय होत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत अनेक राज्य महामार्गांना तत्त्वतः राष्ट्रीय दर्जा मिळाला, पण त्या सगळ्यांची अधिसूचना निघालेली नाही. तरीही काही याद्यांत ते राष्ट्रीय म्हणून बसले आहेत.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अधिसूचना निघाल्यावर राज्याच्या यादीतून तो तुकडा वजा झाला पाहिजे. हे वजा करण्याचे काम कुणा एकाच्या टेबलावर नसते. राष्ट्रीय महामार्गाचे काम बांधकाम विभागाच्याच राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असू शकते, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असू शकते किंवा रस्ते विकास महामंडळाकडेही असू शकते. जिल्ह्यातला नेहमीचा बांधकाम विभाग मात्र आपल्या जुन्या नोंदवहीतला राज्य महामार्ग तसाच पुढे ओढत राहतो, विशेषतः त्यावर देखभालीचा खर्च एखादे वर्ष त्यानेच केला असेल तर.

अनघा_द

हे लक्षात आले. पण माझ्या यादीत एकच रस्ता दोन वेगळ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांकांनी आलेला दिसतो. तो दोनदा धरला गेला आहे का, हे कसे ओळखायचे?

मोजमाप

मी सांख्यिकीच्या कामात बरीच वर्षे होतो, म्हणून या एका मुद्द्यावर लिहितो. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने ठरले आणि जुने क्रमांक आजही कागदांवर वावरत आहेत. सोलापूर जिल्हा घ्या. पुणे-सोलापूर-हैदराबाद मार्ग पूर्वी ९ क्रमांकाचा होता, तो आता ६५ मध्ये आहे. सोलापूरहून धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा २११ आणि सोलापूरहून विजयपूरकडे जाणारा १३ हे दोन वेगळे महामार्ग होते. ते दोन्ही आता ५२ मध्ये आले आहेत. आता कुणी जुन्या पुस्तिकेतून २११ आणि १३ घेतले आणि नव्या यादीतून ५२ घेतला, तर एकच डांबर दोनदा मोजले जाते. असे प्रकार मी छापील पुस्तकांत पाहिले आहेत. मुंबई-पुणे-बंगळूर मार्गाचा ४ हा क्रमांक तर लोकांच्या तोंडी अजूनही आहे; कागदावर तो ४८ आहे.

माझी सूचना अशी आहे, की क्रमांकांची यादी करूच नका. गावांची जोडी लिहा: अमुक हद्दीपासून तमुक नाक्यापर्यंत. क्रमांक शेजारच्या रकान्यात ठेवा. मग दुहेरी नोंद डोळ्यांना लगेच दिसते.

निवृत्त_शाखा_अभियंता

मोजमाप यांनी नेमके सांगितले आहे. त्याला जोडून सामाईक तुकड्याचा मुद्दा सांगतो. दोन महामार्ग एखाद्या शहराजवळ भेटतात आणि काही किलोमीटर एकाच रस्त्यावरून जाऊन पुन्हा वेगळे होतात. अधिसूचनेतील वर्णन 'अमुक ठिकाणाजवळ सुरू होऊन अमुक गावे जोडत अमुक ठिकाणी संपणारा' अशा धाटणीचे असते. त्यात जिल्ह्यानुसार लांबी नसते आणि सामाईक तुकडा वजा केलेलाही नसतो. त्यामुळे वर्णनावरून नकाशात मोजणारा माणूस तो तुकडा दोन्ही क्रमांकांना देतो.

आता एक पूर्ण उदाहरण सोडवून दाखवतो. जिल्हा कल्पित आहे आणि आकडेही समजण्यापुरते आहेत, पण चुका खऱ्या कार्यालयांत होतात तशाच आहेत.

समजा, 'क' हा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यातून हद्दीपासून हद्दीपर्यंत ८४ किमी जातो आणि ही लांबी नव्या बाह्यवळणावरून मोजलेली आहे. 'ख' हा दुसरा राष्ट्रीय महामार्ग जिल्ह्यात ५२ किमी आहे, पण त्यातले ९ किमी तो 'क'वरूनच जातो. 'ग' हा राज्य महामार्ग ६१ किमी आहे. त्यातला २३ किमीचा तुकडा तीन वर्षांपूर्वी रीतसर अधिसूचित होऊन राष्ट्रीय झाला. शिवाय 'क'वर बाह्यवळण झाल्यामुळे शहरातून जाणारा ८ किमीचा जुना रस्ता मागे उरला आहे.

घाईत केलेला तक्ता असा दिसतो: ८४ अधिक ५२ अधिक नवा राष्ट्रीय तुकडा २३, म्हणजे राष्ट्रीय १५९ किमी; राज्य ६१ किमी; दोन्ही मिळून २२० किमी. आता दुरुस्ती करू. सामाईक ९ किमी एकदाच धरायचे, म्हणून राष्ट्रीय १५० किमी. राज्य महामार्गातून २३ किमी वजा, म्हणून राज्य ३८ किमी. आणि शहरातला जुना ८ किमी रस्ता कुठल्याच रकान्यात नव्हता, तो कुठेतरी आलाच पाहिजे. म्हणजे खरी बेरीज १५० अधिक ३८ अधिक ८, अशी १९६ किमी होते. तक्त्यात २४ किमी जास्त होते: ९ आणि २३ चुकून वाढले होते आणि ८ चुकून गळले होते.

यातली धोक्याची जागा ती ८ किमीची आहे. गळलेली लांबी जास्त धरलेल्या लांबीला झाकते. एखाद्या जिल्ह्यात जुने रस्ते बरेच गळले असतील आणि दुहेरी नोंदीही तितक्याच असतील, तर एकूण बेरीज अगदी शहाण्यासारखी जुळते. ताई, तुमच्याकडे तसेच झाले असावे असे मला वाटते. म्हणून एकूण आकडा जुळला म्हणजे तक्ता बरोबर, असे समजू नका. प्रत्येक रकाना स्वतंत्र तपासा.

पंतोजी

बाह्यवळणाच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. वाहतूक बाह्यवळणावरून जाऊ लागली की शहरातला जुना रस्ता नगरपालिकेचा झाला. मग तो महामार्गांच्या यादीत आणायचाच कशाला? आमच्या गावात तर त्यावर भाजीबाजार भरतो.

निवृत्त_शाखा_अभियंता

बाजार भरला म्हणून रस्त्याचा दर्जा उतरत नाही. जुना रस्ता अधिसूचनेच्या वर्णनात बसत असेल तर तो राष्ट्रीयच राहतो, जोपर्यंत तो वगळल्याची अधिसूचना निघत नाही आणि राज्य किंवा नगरपालिका त्याचा ताबा घेत नाही. व्यवहारात बहुतेक वेळा एकदा रस्ता चांगला करून देण्याच्या अटीवर हस्तांतर होते. नगरपालिका नेमकी त्याच अटीवर अडून बसते, कारण नंतरचे खड्डे तिच्या गळ्यात पडणार असतात. दरम्यानच्या काळात रस्ता अधांतरी राहतो.

पंतोजी

मान्य, पण हे कायद्याने झाले. पुस्तिका वाचणाऱ्या माणसाला 'जिल्ह्यातून महामार्ग किती किलोमीटर जातो' हे हवे असते, आणि त्यासाठी बाह्यवळणाचीच लांबी खरी. दोन्ही धरलीत तर तुम्ही पुन्हा एकाच महामार्गाला दोन वाटा देताय.

मोजमाप

पंतोजींचा आक्षेप मला अगदी टाकाऊ वाटत नाही. महामार्गाचा मार्ग किती लांब आहे हा एक प्रश्न आहे आणि त्या दर्जाचे रस्ते जिल्ह्यात किती आहेत हा दुसरा. पहिल्यात जुना तुकडा येत नाही, दुसऱ्यात येतो. दोन्ही आकडे छापता येतात, फक्त एकाच नावाखाली छापू नयेत.

याच संदर्भात एक आठवण द्यायला हवी. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीला मनाई करणारा निकाल दिला. तो १ एप्रिल २०१७ पासून लागू होताना अनेक राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या राज्य महामार्गांचा दर्जा काढून ते स्थानिक संस्थांकडे देण्याचा मार्ग धरला. जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने महापालिका व नगरपालिका हद्दींबाबत स्पष्टीकरण दिले. त्यामुळे २०१६-१७ आणि २०१७-१८ चे तक्ते शेजारी ठेवून पाहताना राज्य महामार्गाची लांबी घटलेली दिसली, तर रस्ता कुणी उखडला असे समजू नये. आधी वर्गीकरणाचा शासन निर्णय शोधावा.

भिडू_सांगलीकर

म्हणजे मद्याच्या दुकानांसाठी रस्त्याची जात बदलली! मार्गिकांचा मुद्दा सोडून देतो. पण मग समृद्धी महामार्ग कुठे बसतो? आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग?

निवृत्त_शाखा_अभियंता

समृद्धी एकूण ७०१ किमी आहे, दहा जिल्ह्यांतून जातो, आणि तो राष्ट्रीय महामार्ग नाही. राज्याचा द्रुतगती मार्ग आहे आणि रस्ते विकास महामंडळाने तो बांधला आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुमारे ९४.५ किमी असून तोही महामंडळाचाच आहे, आणि त्याच्या शेजारून जाणारा जुना रस्ता हा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. रायगड आणि पुणे जिल्ह्यांच्या तक्त्यांत हे दोन वेगळे रस्ते दोन वेगळ्या रकान्यांत आले पाहिजेत. काही ठिकाणी द्रुतगती मार्गाला रकानाच नसतो, मग तो कधी राज्य महामार्गात घुसडला जातो तर कधी पूर्ण गळतो. समृद्धी ज्यांतून जातो त्या जिल्ह्यांतील आकडे डिसेंबर २०२२ नंतर पाहताना हे विशेष जपावे, कारण नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा तेव्हा सुरू झाला.

अनघा_द

मला आता हद्दीचा प्रश्न पडला आहे. जिल्ह्याची हद्द नदीवर आहे आणि दोन्ही जिल्ह्यांच्या याद्या मिळवून पाहिल्या तर महामार्ग मध्येच सुमारे दीड किलोमीटर कमी भरतो.

निवृत्त_शाखा_अभियंता

हा आमच्या रोजच्या भांडणाचा विषय होता. महामार्गाची साखळी, म्हणजे किलोमीटर आणि मीटरची सलग मोजणी, जिल्ह्यापासून नव्हे तर महामार्गाच्या आरंभापासून चालते. तुमच्या जिल्ह्याच्या नोंदीत 'किमी २१२/४०० ते २९६/२००' असे असते, आणि शेजारच्या जिल्ह्याची नोंद २९६/२०० वर सुरू व्हायला हवी. ती २९७/७०० वर सुरू होत असेल तर मधला दीड किलोमीटर कुणाचाच नाही. याच्या उलटही होते: पुलाच्या दुरुस्तीचा खर्च ज्या विभागाकडे असतो, तो विभाग पूर्ण पूल आपल्या साखळीत घेतो, आणि दुसरा महसुली हद्द पाहून नदीच्या मध्यावर थांबतो; मग अर्धा पूल दोनदा मोजला जातो.

यात आणखी एक खोच आहे. रस्त्याचे वळण सरळ केले की त्याची खरी लांबी घटते, पण पुढचे सगळे किलोमीटर-दगड हलवत नाहीत. मग एका ठिकाणी दोन दगडांमधले अंतर हजार मीटरऐवजी सातशे मीटर भरते. साखळीची वजाबाकी करून लांबी काढलीत तर ते तीनशे मीटर तुम्ही फुकट धरता. म्हणून साखळीची वजाबाकी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी असे दोन्ही आकडे मागा. चौपदरीकरण झालेल्या भागात तर जुनी साखळी आणि संकल्पचित्रातली नवी साखळी अशा दोन मालिका असतात, आणि कोणत्या पत्रात कोणती वापरली आहे हे पत्र लिहिणाऱ्यालाही कधी कधी ठाऊक नसते.

दगडांवरून दर्जाचा अंदाज घेता येतो: राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा आणि राज्य महामार्गाचा हिरवा असतो. परंतु रंग मागून येतो, कागद पुढे असतो. पिवळ्या रंगाचा पापुद्रा निघून खाली हिरवा दिसणारे दगड मी पाहिले आहेत, आणि अधिसूचना निघून दोन वर्षे झाली तरी हिरवेच राहिलेलेही.

रानवारा

आमच्याकडे अजून हिरवाच आहे. म्हणजे रस्ता राज्याचा?

निवृत्त_शाखा_अभियंता

दगडावर जाऊ नका. माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागा: अधिसूचनेची प्रत आणि रस्ता हस्तांतरित झाल्याचे पत्र, त्यावरील तारखेसह. अधिसूचना असेल आणि हस्तांतर झालेले नसेल, तर दर्जा राष्ट्रीय आणि देखभाल अजून राज्याच्या हाती, अशी स्थिती असू शकते. तुमचे दोन्ही अधिकारी मग आपापल्या परीने खरे बोलत होते.

मोजमाप

अनघाताई, 'एकूण रस्ते' या रकान्याबद्दल कुणी बोलले नाही, म्हणून थोडे लिहितो. राज्याच्या आर्थिक पाहणीत जी एकूण लांबी येते, ती मुख्यतः सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदा यांच्याकडील रस्त्यांची असते. महापालिका आणि नगरपालिकांचे अंतर्गत रस्ते त्यात नसतात. केंद्राच्या मूलभूत रस्ते सांख्यिकीत शहरी रस्ते आणि प्रकल्प रस्तेही धरलेले असतात. ३१ मार्च २०१९ रोजी देशातील रस्त्यांची जी ६३.३२ लाख किमी लांबी सांगितली जाते, ती त्या व्यापक व्याख्येची आहे, आणि त्यात राष्ट्रीय महामार्ग १,३२,४९९ किमी, म्हणजे जेमतेम दोन टक्के आहेत. लोक याच बेरजेत २०२३ ची राष्ट्रीय महामार्गांची १,४६,१४५ किमी ही लांबी टाकून टक्केवारी काढतात. भाजक एका वर्षाचा आणि भाज्य दुसऱ्याच वर्षाचा. जिल्ह्याच्या पातळीवरही तसेच होते. दर १०० चौरस किलोमीटरमागे रस्त्यांची लांबी काढायची असेल तर शहरी रस्ते धरले आहेत की नाहीत, हे लिहिल्याशिवाय शेजारच्या जिल्ह्याशी तुलना करू नये.

आणि रस्ते विकास योजनेची यादी वापरणार असाल तर एक रकाना नीट पाहा. त्यात डांबरी, खडीचा, मुरमाचा असे पृष्ठभाग असतात आणि काही लांबी अस्तित्वातच नसते. ती योजनेत आखलेली असते, जमिनीवर नाही. ती धरून केलेली बेरीज चालता येण्याजोग्या रस्त्यांची नसते.

अनघा_द

सर्वांचे आभार. रकाने तोडून पाहिले. दोन महामार्गांचा सामाईक तुकडा नकाशावर स्पष्ट दिसतो आणि राज्य महामार्गाच्या यादीत अधिसूचित झालेला एक तुकडा अजून आहे, हेही सापडले. मी पुस्तिकेत आकडे ३१ मार्चचे देणार आहे, लांबी मध्यरेषेची आहे, सामाईक तुकडा एकदाच धरला आहे आणि नगरपालिकांचे रस्ते धरलेले नाहीत, अशी तळटीप देणार आहे. शहरातल्या जुन्या तुकड्याचे मात्र ठरत नाही. हस्तांतराचे पत्र कार्यालयात कुणालाच सापडत नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता

पत्र सापडेपर्यंत तो राष्ट्रीय रकान्यातच ठेवा, पण वेगळ्या ओळीत आणि लांबीसह.

पंतोजी

आणि मी अजूनही म्हणेन, की तो नगरपालिकेच्या ओळीत हवा. गेल्या वर्षी त्यावरचे खड्डे नगरपालिकेनेच बुजवले आहेत.

मोजमाप

खड्डे कोणत्या शीर्षाखालच्या पैशांतून बुजवले ते पाहा. तो निधी राष्ट्रीय महामार्गाच्या देखभालीतून आलेला निघाला, तर पंतोजींना आपले म्हणणे मागे घ्यावे लागेल.